पोचलो की कळवतो

बारामती आणि इंदापूर यांच्यात साधारण पन्नास किलोमीटरचा रस्ता आहे. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, जंक्शन, निमगाव केतकी. तुकोबांची पालखी आषाढात याच वाटेने जाते. या पट्ट्यातली मुलंमुली आता लग्नाआधी स्वतः ठरवून एकमेकांना भेटू लागली आहेत. अनेकदा भेट चांगली होते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं तुटलेलं असतं. विचारलं तर दोघांनाही सांगता येत नाही की नक्की काय झालं. मला वाटतं, जे होतं ते भेटीत होत नाही. ते त्या रात्रीच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या मेसेजच्या सुरांत होतं, आणि ते तासागणिक दाखवता येतं.

खालच्या घटनाक्रमातली दोघं म्हणजे कुणी एक खरी जोडी नव्हे. अनेकांचं जे होतं ते मी जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारात ठेवलं आहे. तो इंदापूर तालुक्यातला. पतसंस्थेत नोकरी, घरी ऊस आणि थोडं डाळिंब. ती बारामतीची, एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात कामाला. एका लग्नात ओळख झाली, दोनेक आठवडे व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं झालं, ‘तू’वर आले. तिची वहिनी सोडली तर घरी कुणालाच माहीत नाही.

शनिवार, दुपारी ४:३०. शेवट २७ तासांवर.

भिगवण रोडवरचं एक कॅफे. पहिली दहा मिनिटं अवघड गेली, मग जमलं. तिने सांगितलं की लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. त्याने सांगितलं की शेती सोडणार नाही. दोघांनी हे इतक्या लवकर आणि इतकं स्वच्छ बोलून टाकलं, हीच या भेटीतली सगळ्यात चांगली गोष्ट. मग तेल्या रोगाने गेलेल्या बागेचा विषय निघाला. तिने खोदून खोदून प्रश्न विचारले आणि तो मनापासून बोलला.

संध्याकाळी ७:०५. शेवट साडेचोवीस तासांवर.

तो मोटारसायकलवर बसला तेव्हा अंधार पडला होता. गाळपाचा हंगाम, म्हणजे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागे लाल दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. या भागातल्या प्रत्येक घराला अशा ट्रॉलीला मागून धडकलेला कुणीतरी माहीत असतो. ती म्हणाली, “पोचलास की मेसेज कर.” तो म्हणाला, “पोचलो की कळवतो.”

या दोन वाक्यांनी रात्रीच्या मेसेजचं काम ठरवून टाकलं. ती त्याच्या भावना ऐकायला थांबलेली नव्हती. तो सुखरूप आहे, एवढंच तिला ऐकायचं होतं. पहिल्या भेटीच्या रात्री कोणता मेसेज पाठवायचा याचं उत्तर बहुतेक वेळा निरोपाच्या वाक्यातच दिलेलं असतं. ते कानावर पडतं, पण मनात ठेवलं जात नाही.

रात्री ८:४०. शेवट २३ तासांवर.

तो घरी पोचला. आईने ताट वाढलं. वडील म्हणाले, आज लाईट रात्रीची आहे, दहाला येईल. शेतीच्या पंपाला थ्री फेज वीज आलटून पालटून मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की उसाला पाणी द्यायला अंधारात जावंच लागतं.

त्याने फोन हातात घेतला आणि आधी मित्राला कळवलं की भेट भारी झाली. मित्राचं उत्तर लगेच आलं, “लय भारी. पण भावा, लगेच मेसेज टाकू नको. जरा वाट बघू दे तिला.”

हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि त्याच्या मागे थोडं तथ्यही आहे. २०११ साली अमेरिकेत व्हिटचर्च, विल्सन आणि गिल्बर्ट या संशोधकांनी काही विद्यार्थिनींना सांगितलं होतं की काही मुलांनी तुमचं फेसबुक प्रोफाइल पाहिलं आहे. काहींना सांगितलं, तुम्ही त्यांना खूप आवडलात. काहींना सांगितलं, आवडलात की नाही ते नक्की नाही. या दुसऱ्या गटातल्या मुली त्या मुलांकडे जास्त ओढल्या गेल्या. पण तिथे कुणी कुणाला भेटलेलं नव्हतं, कुणी अंधारात गाडीवर निघालेलं नव्हतं आणि कुणी काही कळवायचं कबूल केलेलं नव्हतं. अनिश्चितता आवडीबद्दल असेल तर ओढ वाढत असेल. माणूस घरी पोचला की नाही याची अनिश्चितता ही नुसती काळजी असते, आणि ती संपल्यावर तिचा राग होतो.

त्याने मेसेज केला नाही. मला विचाराल तर सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. पुढच्या प्रत्येक चुकीला ती पुरून उरली.

रात्री ९:२०. शेवट २२ तासांवर.

तिने चॅट उघडलं. त्याच्या नावाखाली ‘ऑनलाइन’ दिसत होतं. म्हणजे पोचलाय. म्हणजे कुणाशी तरी बोलतोय. म्हणजे मला कळवायचं राहिलंय असं नाही, कळवायचं नाहीये.

ती स्वतः विचारू शकली असती, “पोचलास का?” तिने तसं टाइपही केलं आणि पुसलं. पहिल्या भेटीनंतर मुलीने आधी मेसेज केला तर ती ‘मागे लागलीये’ असं होईल, ही भीती बारामतीतही आहे. साडेदहाला ती झोपली.

रात्री ११:४८. शेवट २० तासांवर.

तो विहिरीवर. पंप चालू, पाणी सरीत सोडलेलं, पायाला गार चिखल, आता ते पाणी टोकाला जाईपर्यंत करण्यासारखं काही नाही. अशा वेळी माणूस लिहितो. त्याने लिहिलं:

“सॉरी लेट झाला. आज खूप भारी वाटलं. खरं सांगू का, मी आजपर्यंत कुणाशीच एवढं मोकळं बोललो नव्हतो. तू किती समजून घेतेस. मला वाटतं आपलं जमेल. तुला काय वाटतं? मी आईला सांगू का आपल्याबद्दल? तू नाही म्हणालीस तर खूप त्रास होईल पण खरं सांग.”

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण हा मेसेज दोन प्रश्न विचारतो आणि दोन्ही प्रश्न मोठे आहेत. त्यात आईचा प्रश्न तर फारच जड. आपल्याकडे घरी सांगणं म्हणजे नुसतं सांगणं नसतं. आज आईला कळलं की उद्या मामाला कळतं, परवा बायोडेटा मागितला जातो, त्यानंतर बैठक. एका चहाच्या भेटीनंतर मुलीला थेट तिथे नेऊन उभं करणारं ते वाक्य आहे. शेवटच्या वाक्याने तर तिच्या नकाराचा त्रासही आधीच तिच्या पदरात घातला.

जे या मेसेजमध्ये नाही तेही महत्त्वाचं आहे. तो शेतात आहे, लाईट रात्रीची आहे, म्हणून एवढ्या उशिरा लिहितोय, हे त्याने लिहिलंच नाही. त्याला ते रोजचं. तिला त्यातलं काहीच माहीत नाही. तिला फक्त मेसेजच्या कोपऱ्यातली ११:४८ ही वेळ दिसणार आहे.

दोन राखाडी टिका आल्या. याचा अर्थ मेसेज तिच्या फोनला मिळाला, तिला नव्हे. हे सगळ्यांना माहीत असतं आणि रात्री बारा वाजता कुणालाच आठवत नाही. १२:१५ला त्याने लिहिलं, “झोपलीस का? की नाही आवडलो?” दोन मिनिटांत लाज वाटली आणि दोघांच्याही फोनमधून तो मेसेज काढून टाकला. व्हॉट्सअ‍ॅपने ही सोय २०१७ पासून दिली आहे, पण काढलेल्या मेसेजच्या जागी तो काढल्याची खूण राहते. काय लिहिलं होतं ते जातं, काहीतरी लिहून मागे घेतलं हे राहतं. ती खूण वाचणारा तिथे जे भरतो ते मूळ मेसेजपेक्षा बरंच वाईट असतं. २०२३ पासून पंधरा मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्तही करता येतो. “झोप, उद्या बोलू” एवढं जरी त्याने त्या जागी करून ठेवलं असतं तरी चाललं असतं.

रविवार, सकाळी ६:५०. शेवट १३ तासांवर.

तिने वाचलं. अर्ध्या मेसेजने तिला बरं वाटलं, हे लक्षात ठेवलं पाहिजे. मोकळं बोललो, समजून घेतेस, हे तिला आवडलं. पण आईचं वाक्य आलं तसं पोटात गोळा आला. आणि खाली ती काढून टाकल्याची खूण. रात्री सव्वाबाराला याने काय लिहिलं असेल?

तिने पाऊण तास विचार केला आणि ७:३५ला पाठवलं:

“गुड मॉर्निंग. पोचलास हे कळलं, बरं वाटलं. कालची भेट छान झाली. बाकी बोलू.”

तिच्या मते हा मेसेज प्रेमळ होता. तिने काळजी सांगितली, भेट आवडल्याचं सांगितलं, आणि घाबरवणाऱ्या प्रश्नांना नाही न म्हणता बाजूला ठेवलं. ‘बाकी बोलू’ म्हणजे भेटून बोलू, फोनवर बोलू, हे महत्त्वाचं आहे म्हणून लिहून बोलायला नको. हे सगळं तिच्या मनात होतं. लिहिलेले शब्द दोनच होते.

सकाळी १०:२०. शेवट सव्वानऊ तासांवर.

पहाटे सहाला लाईट गेल्यावर तो झोपला होता. उठल्या उठल्या हा मेसेज. त्याने तो उघडला आणि गार पडला. त्याच्या चाळीसेक शब्दांना तेरा शब्दांचं उत्तर. प्रत्येक वाक्याला पूर्णविराम. प्रश्न एकही नाही.

पूर्णविरामाचं हे उगाच नाही. २०१५ साली बिंगहॅम्टन विद्यापीठात सीलिया क्लिन आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले. आमंत्रणाला एका शब्दाचं उत्तर, कधी पूर्णविरामासह, कधी त्याशिवाय. मोबाइलवरच्या मेसेजमध्ये पूर्णविराम असला की तेच उत्तर वाचणाऱ्यांना कमी मनापासूनचं वाटलं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र काही फरक पडला नाही. अभ्यास इंग्रजी मेसेजचा आहे, मराठीला तो जसाच्या तसा लावू नये. पण कारण ओळखीचं आहे. मेसेज आपोआपच संपतो, त्यामुळे शेवटी दिलेलं टिंब वाचणाऱ्याला मुद्दाम दिलेलं वाटतं. ती दिवसभर ऑफिसचे मेल लिहिते, तिचा हात आपोआप पूर्णविराम देतो. त्याला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. दोन आठवडे त्यांचं सगळं बोलणं हसण्यावारी, तुटक, विरामचिन्हांशिवाय चाललं होतं. आज अचानक हा नीटनेटकेपणा.

वाचताना त्याच्या मनातली जुनी भीती बोलू लागली. शेती करणाऱ्या मुलाला मुली मिळत नाहीत, हे या तालुक्यांतल्या प्रत्येक चावडीवर बोललं जातं. पतसंस्थेची नोकरी असली तरी तो स्वतःला शेतकऱ्याचा मुलगा म्हणूनच मोजतो. त्यामुळे ‘बाकी बोलू’ त्याला ऐकू आलं ते बघून गेलेल्या पाहुण्यांच्या ‘कळवतो’सारखं. आणि ‘कळवतो’ म्हणजे नाही, हे लहानपणापासून कळतं.

लिहिलेला सूर समोरच्याला किती कळतो, याचं मोजमाप निकोलस एप्ली, जस्टिन क्रुगर आणि सहकारी संशोधकांनी २००५ मध्ये केलं. लोकांना काही वाक्यं उपरोधाने, काही गंभीरपणे समोरच्याला पोचवायची होती. लिहिणाऱ्यांना वाटलं, ७८ टक्के वेळा आपला सूर बरोबर ओळखला जाईल. ईमेलवर तो ५६ टक्के वेळा ओळखला गेला, म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं त्यापेक्षा थोडाच जास्त. हीच वाक्यं बोलून सांगितली तेव्हा ७३ टक्के. लिहिताना आपला आवाज आपल्या कानात वाजत असतो, म्हणून तो शब्दांत उतरला असं वाटतं. तिला तिच्या मेसेजमध्ये ऊब ऐकू आली. त्याला फक्त टिंबं दिसली.

सकाळी ११:०५. शेवट साडेआठ तासांवर.

त्याने मित्राला स्क्रीनशॉट पाठवला. मित्र म्हणाला, “विषय संपला. आता इज्जतीत बाहेर पड.” त्याने लिहिलं:

“धन्यवाद. आपल्याला भेटून आनंद झाला. काही चुकलं असल्यास क्षमस्व.”

या घटनाक्रमात एक क्षण ‘इथे मोडलं’ म्हणून दाखवायचा असेल तर तो हा. रात्री तू होती, सकाळी आपण झाली. मराठीत ‘तू’वर यायला दिवस लागतात, उतरायला एक मेसेज पुरतो, आणि उतरलेलं दिसल्याशिवाय राहत नाही. त्याला वाटलं तो सभ्यपणे मागे होतोय, तिच्यावरचं ओझं काढतोय. रात्रीचा मेसेज वाचलेला नसता तर हे तीन ओळींचं पत्र नुसतं औपचारिक वाटलं असतं. रात्रीच्या शेजारी ठेवल्यावर ते दार लावल्यासारखं वाचलं जातं. दुसऱ्या दिवशीचा मेसेज कधीच एकटा वाचला जात नाही. त्याच्या वरच, अंगठ्याच्या एका सरकवण्यावर, आदल्या रात्रीचा असतो.

सकाळी ११:४०. शेवट ८ तासांवर.

तिने वहिनीला दाखवला. वहिनीने दोनदा वाचला. “आपल्याला भेटून? अगं, घरी सांगितलेलं दिसतंय त्याने. आईने नाही म्हटलं असणार. तू आपली नोकरीचं काय ते बोलली होतीस ना?”

आता चौघं जण हे मेसेज वाचत होते, आणि भेटीला हजर नसलेल्या दोघांना अर्थ सगळ्यात स्पष्ट दिसत होता. तिने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला.

दुपार शांततेत गेली. निळ्या टिका दोन्हीकडे होत्या. त्याने एक दुःखी गाणं स्टेटसला ठेवलं, तिने ते पाहिलं, तिने पाहिल्याचं त्याने पाहिलं.

संध्याकाळी ५:१५. शेवट अडीच तासांवर.

त्याने फोन केला. पूर्ण दिवसातली एकमेव बरोबर कृती. पण ती काकांच्या घरी, सगळे भोवती बसलेले. तिने फोन कट केला आणि लिहिलं, “नंतर बोलू”. सकाळच्या ‘बाकी बोलू’ला हे येऊन चिकटलं. तिने जर “काकांकडे आहे, नऊला करते” असं लिहिलं असतं तर? कारण आणि वेळ, दोन्ही एका ओळीत मावतात. कारण नसलेला ‘नंतर’ आधीच घाबरलेला माणूस नकार म्हणूनच वाचतो.

संध्याकाळी ७:४०.

त्याच्या मित्राने तिच्या मैत्रिणीला विचारलं, तिला इंटरेस्ट नाही ना? मैत्रीण म्हणाली, त्यालाच नाहीये. हे दोन्हीकडे पोचलं. तिने लिहिलं, “आपण इथेच थांबू या. शुभेच्छा.” त्याने लिहिलं, “ओके. तुम्हालाही.”

दोघांनाही भेट आवडली होती.

आता हीच रात्र पुन्हा. ८:४२ला, ताटावर बसण्याआधी: “पोचलो. भवानीनगरला ट्रॉल्यांच्या मागे अडकलो होतो. आज लाईट रात्रीची आहे, पाणी द्यायला जातोय, उद्या दहापर्यंत झोपलेला असेन. डाळिंबाबद्दल एवढं कुणी विचारलं नव्हतं, मजा आली.” यात आवड आहे, पण ती भेटीतल्या एका घडलेल्या गोष्टीला बांधलेली आहे. ‘तू किती समजून घेतेस’ हे कुणालाही लिहिता येतं, डाळिंबाचं तिलाच. उत्तर मागणारा एकही प्रश्न नाही, त्यामुळे ती झोपली तरी काही बिघडत नाही. आणि उद्या सकाळी गप्प का असेन तेही सांगून झालं.

विहिरीवर रात्री जे लिहावंसं वाटलं ते लिहायला हरकत नाही. मात्र फोनच्या नोंदवहीत लिहावं. सकाळी वाचून त्यातलं एक वाक्य निवडावं.

दुसऱ्या दिवशी सूर तोच ठेवायचा. रात्री ‘तू’ तर सकाळी ‘तू’, रात्री चार ओळी तर सकाळी साधारण तेवढ्याच. भर घालायची ती एका प्रश्नाची, आणि तो हो किंवा नाही म्हणता येईल इतका लहान हवा: “पुढच्या रविवारी जमेल का? कुंभारगावला रोहित पक्षी आलेत, सकाळी लवकर निघावं लागेल.” आईचा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, समोरासमोर. आणि उत्तर थंड वाटलं तर मित्राला न दाखवता थेट विचारावं: “मेसेजवरून कळेना, काल रात्रीचं जास्त झालं का?” हे विचारायला धीर लागतो, पण आठ तासांच्या तर्कांपेक्षा ते सोपं आहे.

याची मर्यादाही सांगितली पाहिजे. समोरच्याला खरंच नको असेल तर कुठलाच सूर ते बदलत नाही, बदलूही नये. ते ओळखता येतं: दिलेल्या वेळेला नाही म्हणताना दुसरी वेळ सुचवली जात नाही, आणि हे एकदा नव्हे, दोनदा होतं. ज्याला नको आहे त्याने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसं लिहावं, ‘तू’वरच राहून, कारणांचा पाढा न लावता: “काल बोलायला छान वाटलं. पण लग्नाच्या दृष्टीने माझं मन पुढे जात नाहीये, म्हणून आजच सांगते.” असा मेसेज वाचून वाईट वाटतं, पण तो मित्रांना आणि वहिनींना अर्थ लावायला पाठवावा लागत नाही.